विमानतळावरील सामान, हमाल आणि चोवीस तासांचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओझरच्या विमानतळावरून आता आपल्यापैकी पुष्कळ जण थेट दुसऱ्या महानगरात उतरतात आणि तिथून पुढचे, बहुतेक वेळा परदेशाचे विमान पकडतात. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर सामान आपोआप पुढे जात नाही. ते पट्ट्यावरून उतरवून घ्यावे लागते आणि मधले काही तास, कधी कधी दीड दिवस, कुठेतरी ठेवावे लागते. या मधल्या वेळेतील खर्चाची आणि खबरदारीची माहिती प्रवासाच्या आधी कोणी विचारत नाही. आम्हीही विचारली नव्हती. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे पावत्या जपून ठेवण्याची खोड मला आहे, आणि त्या पावत्यांच्या आधारेच हे पत्र लिहीत आहे. त्या विमानतळाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथला दर सगळीकडे तोच असेल असा कोणाचा समज होऊ नये.

आम्ही दोघे लेकीकडे परदेशी निघालो होतो आणि वाटेत भाच्याचे लग्न होते. शनिवारी दुपारी उतरलो आणि पुढचे विमान रविवारची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे सोमवारी पहाटे दोन वाजता होते. चार बॅगा तपासणीत देण्याच्या आणि दोन हातातल्या, असे एकूण सहा नग आमच्यापाशी होते. विमान कंपनीचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तीन-चार तास आधी उघडतो, त्यामुळे इतक्या आधी सामान कंपनीच्या ताब्यात देणे शक्य नव्हते. म्हणून सामान ठेवण्याच्या काउंटरवर, ज्याला कुठे ‘लेफ्ट लगेज’ तर कुठे ‘क्लोक रूम’ म्हणतात तिथे, चारही मोठ्या बॅगा दिल्या. फलकावर ‘300 रुपये’ असा आकडा ठळक होता आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘प्रत्येक नग, प्रत्येक 24 तास किंवा त्याचा भाग’ असे लिहिले होते. आम्ही आकडा वाचला, ओळ वाचली नाही.

पावतीवर वेळ पडली शनिवारी दुपारी चारची. लग्न आटोपून आम्ही परतलो रविवारी रात्री दहाला, म्हणजे तीस तासांनी. चोवीस तासांवर गेलेल्या सहा तासांचा दुसरा पूर्ण टप्पा धरला गेला. चार नग, दोन टप्पे आणि तीनशे रुपये, असे 2400 झाले. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 432 मिळून 2832 रुपये द्यावे लागले. माझ्या मनातला आकडा 1200 होता. काउंटरवरील मुलाने काही फसवले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. फलकावर लिहिले होते तेच त्याने घेतले. तरीही दर विचारताना ‘किती रुपये?’ एवढेच विचारणे पुरेसे नसते. कशाचे, किती तासांचे, वेळ कोणत्या क्षणापासून मोजता आणि कर यात धरला आहे का, हे सगळे त्याच दमात विचारावे लागते. काही ठिकाणी बॅगेच्या आकारानुसार दर बदलतो, काही ठिकाणी पहिल्या काही तासांचा वेगळा, स्वस्त टप्पा असतो. तो असेल तर आपण सांगितल्याशिवाय तो लागेलच असे नाही.

घरी आल्यावर मी हाच हिशोब पुन्हा मांडून पाहिला. चारऐवजी दोनच जड बॅगा ठेवल्या असत्या आणि दोन हलक्या लग्नघरी नेल्या असत्या, तर तीस तासांचे 1416 रुपये झाले असते. चारही बॅगा रविवारी चारच्या आत काढल्या असत्या तरी नेमके 1416 झाले असते, पण मग त्या काउंटर उघडेपर्यंत सहा-सात तास सांभाळत बसावे लागले असते. लग्नघरी चारही बॅगा न्याव्यात, तर मोठी गाडी जाताना-येताना दोन्ही वेळा करावी लागते आणि तिथे वाचलेले पैसे भाड्यात जातात. माझ्या मते जड ते ठेवावे आणि हलके सोबत न्यावे, हाच मार्ग बरा होता. अर्थात हे शहाणपण मला पावती हातात आल्यावर सुचले.

सामान ठेवताना ते आधी क्ष-किरण यंत्रातून जाते. ज्वालाग्राही आणि नाशवंत वस्तू तिथे घेत नाहीत. आम्ही हौसेने नाशिकहून द्राक्षांची पेटी नेली होती, ती परत हातात आली आणि शेवटी लग्नघरी उघडली गेली. रोकड, दागिने, पारपत्र, लॅपटॉप हे बॅगेत ठेवूच नये, कारण बॅग हरवली तर भरपाईची मर्यादा पावतीच्या मागे छापलेली असते आणि ती आपल्या ऐवजाच्या मानाने फारच लहान असते. पावती सही करून घेताना उलटून मागची बाजू वाचणारा माणूस त्या रांगेत मी एकटाच असेन, पण तेवढ्या दोन मिनिटांत आपली जोखीम कुठवर आहे ते कळते. पॉवर बँकही बॅगेत राहू देऊ नये. तपासणीच्या सामानात ती चालत नाहीच, तेव्हा सुरुवातीपासूनच हातातल्या पिशवीत असलेली बरी.

आमची खरी चूक औषधांची झाली. पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या आणि रात्री आठला आम्हाला त्यांची आठवण झाली. बॅग मधेच बाहेर काढली तर तो नग परत घेतल्याचे धरतात आणि पुन्हा ठेवायचा तर नवी पावती, नवा टप्पा, असे आम्हाला फोनवर सांगण्यात आले. शेवटी औषधे लग्नघराजवळच्या दुकानातून घेतली. तेव्हा बॅगा देण्याआधी बाजूला उभे राहून पुढच्या दिवसाच्या गोळ्या, चष्मा आणि चार्जर काढून घ्यावेत. आपले कुलूप लावावे, बॅगांचा एकत्र फोटो काढावा, प्रत्येक नगावर लावलेल्या बिल्ल्याचा क्रमांक पावतीवरील क्रमांकाशी जुळवावा आणि नगांची संख्या अक्षरी लिहिली आहे ना ते पाहावे. दोन बॅगा दोरीने एकत्र बांधल्या असतील तर तो एक नग धरला की दोन, हेही तिथल्या तिथेच ठरवून घ्यावे, नाहीतर परत घेताना वाद होतो. पावतीचाही फोटो काढून ठेवावा. ती हरवली तर ओळखपत्र दाखवून, अर्ज लिहून, बॅगेत काय आहे ते सांगून सामान सोडवावे लागते आणि रात्रीच्या विमानाआधी हे सोपस्कार नको वाटतात. काउंटर चोवीस तास उघडा असतो का, आणि तो टर्मिनलच्या सुरक्षा दरवाजाच्या बाहेर आहे की आत, हे दोन प्रश्नही विसरू नयेत. आपल्याकडे तिकीट व ओळखपत्र पाहूनच आत सोडतात, त्यामुळे काउंटर आत असेल तर आपल्याऐवजी भाचा जाऊन बॅग आणू शकत नाही.

आता हमालांविषयी. ओझरला टर्मिनल लहान आहे, तिथे हमालाची गरज सहसा पडत नाही. मोठ्या विमानतळावर मात्र पट्ट्यापासून गाडीपर्यंतचे अंतर वयस्कर माणसाला जाणवते. अधिकृत हमालसेवेचा काउंटर असेल, तर तिथे नगांच्या संख्येनुसार ठरलेले पैसे आधी भरून पावती मिळते आणि गणवेशातला, क्रमांकाचा बिल्ला लावलेला माणूस सोबत येतो. त्याची हद्दही पावती घेतानाच विचारावी. जाताना तो तपासणी काउंटरपर्यंतच येतो, पुढे येत नाही. येताना गाडीपर्यंत येतो, पण ती कोणत्या मजल्यावरच्या वाहनतळापर्यंत हे आधी ठरलेले बरे. गंमत अशी की खऱ्या हमालाने आमच्याकडे एक रुपयाही जादा मागितला नाही. मागितला तो त्याने, ज्याला आम्ही बोलावलेच नव्हते. गाडीच्या डिकीत बॅगा ठेवताना एक तरुण पुढे आला, ‘काका, राहू द्या’ म्हणत त्याने दोन बॅगा उचलून ठेवल्या आणि मग पाचशे रुपयांवर अडून बसला. बिल्ला नसलेल्या माणसाचा हात बॅगेला लागण्याआधीच ‘नको’ म्हणावे. उचलून झाल्यावर नकार देणे फार अवघड जाते.

ट्रॉलीला आपल्या विमानतळांवर पैसे पडत नाहीत, त्यामुळे ‘ट्रॉली आणून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. अमेरिकेत मात्र बऱ्याच विमानतळांवर ती काही डॉलर घेऊन यंत्रातून सुटते आणि यंत्राला कार्ड लागते, हे तिकडे जाणाऱ्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे. अनेक ट्रॉलींचा दांडा खाली दाबल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. माझ्यासारखे लोक तो न दाबता ढकलत राहतात आणि ट्रॉली बिघडली आहे असे समजतात. भरलेली ट्रॉली सरकत्या जिन्यावर कधीही नेऊ नये, उद्वाहनच शोधावे. जड बॅग तळाशी आडवी ठेवावी, आणि समोरच्या जाळीच्या टोपलीत पर्स ठेवण्याची सवय मोडावी, कारण आपण पट्ट्याकडे वळलो की ती टोपली आपल्या पाठीमागे असते. सामानासकट ट्रॉली एकटी सोडून चहाला गेलो, तर चोराच्या आधी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिच्यापाशी पोहोचण्याची शक्यता जास्त असते, आणि बेवारस सामान म्हणून ती तपासली जाते. गाडीत बसण्याआधी आम्ही आता मोठ्याने मोजतो, ‘चार मोठ्या, दोन हातातल्या’. पाच आकडा आला तर ड्रायव्हरला थांबवतो. एकदा पाच आला होता. सहावी पिशवी ट्रॉलीच्या टोपलीतच होती.

विमानतळ व्यवस्थापनांना विनंती आहे की दरफलकावर ‘24 तास किंवा त्याचा भाग’ ही ओळ आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात, करासह होणाऱ्या एकूण रकमेसोबत लिहावी, आणि महाराष्ट्रातील विमानतळांवर ती मराठीतही असावी. ओझरला सामान ठेवण्याचा एक छोटा काउंटर सुरू झाला, तर सकाळी उतरून त्र्यंबकेश्वर किंवा वणी करून संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांना बॅगा टॅक्सीतच घेऊन फिरावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
गंगापूर रोड, नाशिक