दूध कुणी पाजलं ते विचारा, कुणासोबत प्यायलं ते नव्हे

मा. संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला निकाहातल्या निषिद्ध नात्यांवरचा लेख मी त्याच दिवशी वाचला होता. सोमवारी पुन्हा वाचावा लागला. सकाळी साडेसातला माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "आता तरी वाच, पेपरात छापून आलंय," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. गेल्या दोन वर्षांत तिने मला आपणहून केलेला हा पहिलाच फोन, त्याबद्दल आपले आभार मानायला हवेत.

जे छापून आलंय ते असं : एका स्त्रीचं दूध "एकाच काळात" प्यायलेली दोन मुलं ही दूधभावंडं, आणि त्यांच्यात लग्न होत नाही. लेखकमहाशय, "एकाच काळात" हे दोन शब्द आपण कुठून आणलेत? शाफई, हनफी, मालिकी, हंबली या सुन्नी धर्मकायद्याच्या चारही मजहबांत, म्हणजे परंपरांत, ते सापडत नाहीत. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला म्हणतात, तिने निदान एकच अक्षर बदललं होतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण त्या दोन शब्दांचा भुर्दंड माझ्या घराला पडतो आहे. १९७९च्या जुलैत बहीण बाळंतपणानंतरच्या तापाने फणफणली आणि भर पावसात तिला तालुक्याला हलवावं लागलं. तिची मुलगी चाळीस दिवसांची होती. वाटी-चमच्याने दिलेलं गाईचं दूध ती थुंकून टाकत होती. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची, म्हणजे मला दूध होतं. मी भाचीला छातीशी घेतलं. ती रात्र, दुसरा अख्खा दिवस आणि पुढची रात्र. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, अंगावरचं दूध तुटून त्याला दोन वर्षं झाली होती आणि तो कोपऱ्यात बसून पेज खात होता.

२००१ साली याच मुलासाठी याच भाचीची सोयरीक घरात निघाली. मावसबहिणीशी लग्न ऐकून इथल्या काही वाचकांच्या भुवया उंचावतील, त्यांच्याकडे मामेबहीण चालते आणि मावसबहीण चालत नाही. आमच्याकडे मामे, आते, चुलत, मावस सगळ्या चालतात. हरकत एकच होती आणि ती मला ठाऊक होती : ती माझं दूध प्यायली होती.

जमातीतल्या एका वृद्ध आलिमांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे, मी स्वतः गेले. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी, आणि फरक नेमका इथेच पडतो. हनफींकडे बाळाच्या पोटात एक घोट गेला तरी नातं लागलं. शाफईंकडे पाच वेळा पाजलेलं असावं लागतं, कारण पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी सांगितलेल्या रिवायतीत, म्हणजे कथनात, आधी दहाची आणि मग पाचची अट येते. मोजायचं कसं, हेही ठरलेलं आहे. बाळाने आपणहून तोंड फिरवलं आणि ते दूर झालं की एक वेळ पुरी. श्वास घ्यायला थांबलं, क्षणभर खेळलं किंवा दुसऱ्या बाजूला घेतलं, तर ती तीच वेळ. वय दोन वर्षांच्या आत हवं. आलिमसाहेबांनी मला बसवून एकेक रात्र विचारली. दिवा कधी लावला, पहाटेची अजान झाली तेव्हा बाळ कुठे होतं, मध्ये झोपलं किती वेळ. मोजता मोजता सात भरल्या. दोन-तीनच भरल्या असत्या, किंवा चार की पाच हा घोळ शिल्लक राहिला असता, तर शाफई हिशेबाने नातं लागलंच नसतं. आमच्याकडे शंकेने लग्न हराम होत नाही, फार तर टाळलेलं बरं म्हणतात.

सात वेळा म्हटल्यावर भाची माझी दूधमुलगी झाली, आणि म्हणून माझ्या पोटच्या प्रत्येक मुलाची बहीण. आधी जन्मलेल्या, नंतर जन्मलेल्या, त्या रात्री पेज खाणाऱ्याचीसुद्धा. नातं बाईच्या दुधातून निघतं आणि तिच्या सगळ्या मुलांपर्यंत जातं. दोन बाळं शेजारी शेजारी होती की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट बाजूला मात्र ते पसरत नाही. दूध प्यायली ती बांधली गेली, पुढे तिची लेकरं बांधली गेली, पण तिच्या सख्ख्या बहिणी मोकळ्याच. म्हणून आलिमसाहेब सहज म्हणाले, "धाकटीने दूध घेतलं नाही ना? मग तिचा विचार करा." हा निरोप मी बहिणीला द्यायला नको होता. थोरली नाकारून धाकटी मागितली असा त्याचा अर्थ झाला आणि उरलंसुरलं बोलणंही संपलं.

बहिणीचं म्हणणं आजही तेच आहे : पाहिलं कुणी होतं? घरात मी आणि सासूबाई, आणि सासूबाई १९८८लाच गेल्या. मूग गिळून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? कायद्याच्या दृष्टीने ती अगदीच चूक नाही. शाफईंकडे हे नातं न्यायालयात सिद्ध करायला बायकांचीच साक्ष असेल तर चार बायका लागतात. मी एकटी. पण आलिमसाहेबांनी मला पैगंबरांचे एक सोबती उकबा बिन हारिस यांचा किस्सा सांगितला. त्यांचं लग्न झालेलं होतं, आणि एक बाई येऊन म्हणाली, मी या दोघांनाही पाजलंय. उकबा म्हणाले, मला तर हे माहीतच नाही. ते मक्केहून मदिनेला पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी विचारलं, आता हे बोललं गेल्यावर कसं काय? उकबांनी बायकोला सोडलं. एकटीच्या बोलण्यावर हंबली मजहबात निवाडा होतो, इतर त्याला सावधगिरीचा सल्ला समजतात. "काझीपुढे तुमचा एकटीचा शब्द पुरणार नाही," आलिमसाहेब म्हणाले, "पण तुम्हाला स्वतःला तर माहीत आहे." यावर मी काय बोलणार होते?

आता लेखातल्या दुसऱ्या दाव्याकडे. तिथे म्हटलंय की, हे सगळे नियम म्हणजे "जनुकीय दोष टाळण्याची प्राचीन दूरदृष्टी". आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! जनुकांची चिंता असती तर सख्खी चुलतबहीण आधी निषिद्ध ठरली असती. ती चालते, आणि जिच्याशी रक्ताचं काही नाही ती सासू कायमची निषिद्ध. सासूकडून कोणते जनुकीय दोष येतात, ते लेखकाने एकदा सांगावं. (येतात असं म्हणणारे जावई भेटतील, ती गोष्ट वेगळी.)

हमजांच्या मुलीचं उदाहरण पाहिलं असतं तर हे वाक्य लिहायची वेळ आली नसती. हमजा हे पैगंबरांचे काका, म्हणजे त्यांची मुलगी रक्ताने चुलतबहीण आणि लग्नाला मोकळी. तसं सुचवलंही गेलं. पैगंबर म्हणाले, ती माझ्या दूधभावाची मुलगी आहे. दोघांनाही सुवैबा या बाईने पाजलं होतं. तीच मुलगी रक्ताच्या नात्याने चालणारी होती आणि दुधाच्या नात्याने पुतणी ठरून न चालणारी.

फुकहांनी, म्हणजे कायद्याच्या पंडितांनी, कारणं दिली आहेत आणि निषिद्ध नात्यांच्या प्रत्येक गटाचं वेगळं दिलं आहे. बाराव्या शतकातले हनफी पंडित कासानी मला विशेष आवडतात. एक कारण असं की त्यांची पत्नी फातिमा स्वतः फिकहची, म्हणजे धर्मकायद्याची, जाणकार होती आणि घरातून निघणाऱ्या फतव्यावर तिचीही सही असे, असं चरित्रकार सांगतात. कासानी म्हणतात, नवरा-बायकोत खटके उडतातच, ते संसाराचं नेहमीचं आहे. आत्या, मावशी, भाची यांच्याशी लग्न केलं तर त्या खटक्यांनी रक्ताचं नातं तुटेल, आणि ते जोडून ठेवणं तर फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे. आईचं कारण आणखी एक : तिचा मान राखायचा असतो, आणि बायको तर नवऱ्याच्या आज्ञेत. दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत जमायचं कसं? दोन बहिणी एकाच वेळी करता येत नाहीत, तिथेही हाच विचार. सवती झाल्या की त्या बहिणी राहत नाहीत.

सासू आणि सावत्र मुलगी यांच्यात तर केवढा बारीक भेद आहे! निकाह लागताक्षणी सासू हराम होते, संसार सुरू झाला नाही तरी. सावत्र मुलगी मात्र तिच्या आईशी शरीरसंबंध आल्यावरच होते. पंडितांचा तर्क असा की, आई मुलीसाठी मागे सरते, मुलगी आईसाठी सरत नाही. म्हणून लेकीचा मोडलेला निकाह आईच्या वाट्याला गेला तर लेक ते आयुष्यभर धरून बसेल. शिवाय लग्न ठरल्यापासून जावयाला सासूशीच बोलावं लागतं. मला हा तर्क पटतो. चार लेकींच्या घरात वाढलेल्या कुणालाही पटेल.

आणि दूध? तिथे पंडित म्हणतात, दुधाने मांस वाढलं, हाड घट्ट झालं, म्हणजे त्या बाईचा अंश बाळात आला. म्हणूनच वयाची अट, कारण भूक दुधानेच भागते त्या वयातलंच दूध अंगाला लागतं. हजरत आयशांना मात्र या तर्काची पुढची पायरी पटली नव्हती. त्यांच्या दूधआईचा दीर अफलह दाराशी आला, तेव्हा त्यांनी त्याला आत घेतलं नाही. मला बाईने पाजलं, पुरुषाने नाही, असं त्यांचं म्हणणं. पैगंबर म्हणाले, तो तुझा काका आहे, येऊ दे. दूध उतरतं ते ज्याच्या मुलामुळे, तो दूधबाप. त्यामुळे माझे यजमानही भाचीचे बाप ठरले, आणि ती त्यांच्यासमोर शेवटपर्यंत लेकीसारखी वावरली. ते गेले तेव्हा रडली ती सगळ्यांत जास्त.

लेखासोबतच्या चित्रात उंट, खजुराचं झाड आणि काळ्या बुरख्यातली बाई का होती, हेही कळलं नाही. आमच्याकडे नारळ आहेत, फणस आहेत. फोटो हवा असता तर पाठवला असता.

मागच्या खेपेला माझ्या पत्राच्या आपण आठ ओळी केल्यात. या वेळी हवं तर चारच छापा, पण एक दुरुस्ती ठळक टाका : "एकाच काळात" हे शब्द चुकीचे होते, दूध पाजणाऱ्या स्त्रीची सर्व मुले त्या बाळाची दूधभावंडे ठरतात. रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर. माझ्या बहिणीकडे आपलाच पेपर येतो, आणि ती फक्त रविवारचाच वाचते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दापोली तालुका