कटती

अमळनेर

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

तू न जेवताच गेलास. भरलेला डबा आईने रात्री तसाच उघडून ठेवला होता. "श्रीमंत असणं हेच पाप आहे, मला तुमच्यातलं काही नको," हे तुझं वाक्य चार दिवस डोक्यात फिरतंय. तू आला नाहीस, तर जिनिंगच्या काट्यावर कोण उभं राहील?

पाप म्हणू नकोस रे. १९४५ साली याच गावात वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर घेऊन ठेवणाऱ्या साध्या माणसांची घरं उभी राहिली. मालकासोबत तीही वाढली, कुणाचं काही कापलं गेलं नाही. प्रेमजींनी नंतर मोठा वाटा शिक्षणाला दिला, तो आधी कुणाच्या मापातून काढलेला नव्हता.

आपलं तसं नाही, हे तू मला काट्यावरच दाखवलंस. सरकारी कापूस महामंडळ, सीसीआय, कापसाला आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, बारापर्यंत टक्क्यामागे भाव कमी करते, त्यापुढचा माल घेत नाही. आपण मीटर न लावताच क्विंटलमागे दोन किलो कटती धरायचो. कारण काय, तर आजोबांपासूनची रीत. सात हजारांच्या भावाने ते एकशेचाळीस रुपये. हंगामात दहा हजार क्विंटल आले की चौदा लाख. त्याच वर्षी मी शाळेला पाच लाख दिले, पाटीवर नाव लागलं. "ते पाच लाख कुणाचे होते, आबा?" असं तू विचारलंस आणि मी ओरडलो. चुकलं माझं.

एका म्हाताऱ्याने विचारलेलं आठवतं, "आबा, माल कोरडा शे, मंग कटती कसाले?" मी त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही.

आधी मापात घेतलेलं परत करावं, दान त्यानंतर. बघ, मी पुन्हा उपदेश करायला लागलो. पण परत करणं अवघड आहे. थेट आलेल्यांच्या काटापट्ट्या सहा वर्षांच्या जपून ठेवल्यात, त्यावरून नावं निघतील. खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यामार्फत आलेल्या मालात मात्र शेतकऱ्याचं नावच नाही. व्यापाऱ्याला पैसे दिले, तर ते त्याच्याच खिशात राहतील. त्यांचं काय करायचं, मला सुचत नाही.

हंगाम दसऱ्याला सुरू होईल. मीटर दुरुस्तीला टाकलाय, आता आकडा शेतकऱ्यासमोर वाचायचा. मुनीम जुन्या सवयीने हात घालेल, त्याच्यावर नजर ठेवायला घरचं माणूस हवं. मला आता दोन तास उभं राहवत नाही, गुडघ्याचं तुला माहीतच आहे. तुझा हिस्सा नको असेल तर नको, पण काट्यावर कोण उभं राहील?

काटापट्ट्या मधल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. किल्ली तुझ्याच कपाटात राहिली आहे.

तुझे,
आबा