पहिल्या मिनिटाची तयारी वेगळी करायची

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू रडलीस आणि मग लगेच "काही नाही गं आई, झोप येतेय" म्हणून फोन ठेवलास. मला मात्र झोप लागली नाही. "सगळं तोंडपाठ होतं, तरी तिसऱ्या स्लाइडला एक शब्द आठवला नाही आणि पुढचं सगळंच गेलं," हे तुझं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. दुसरं सादरीकरण १२ दिवसांवर आहे, तेव्हा सावकाश वाच.

तुझ्या लक्षात आलं नसेल, पण नेमकं काय चुकलं ते त्याच वाक्यात आहे. सगळं तोंडपाठ होतं, म्हणूनच गेलं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी साताचा पाढा मधूनच विचारते, "साती आठे किती?" पुष्कळ मुलं हळूच "सात एके सात" पासून म्हणायला लागतात, कारण पाढा त्यांच्याजवळ साखळीसारखा असतो, मधली कडी एकटी हाती लागत नाही. तू दहा मिनिटांचं भाषण तसंच पाठ केलंस. एक कडी निसटली आणि मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायला तिथे वेळ नव्हता.

पंचवीस वर्षांपूर्वी माझंही असंच झालं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. नोकरी नवी होती. केंद्राच्या शिक्षण परिषदेत साठेक शिक्षकांसमोर मला वाचनपेटीवर बोलायचं होतं. चार पानं पाठ केली होती. उभी राहिले तेव्हा हातातला कागद असा थरथरायला लागला, की त्याचा आवाज मलाच ऐकू येत होता. मी चौथ्या वाक्याला थांबले आणि "एवढंच" म्हणून खाली बसले. त्यानंतर दोन वर्षं बोलायची पाळी आली की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करत असे. पाळी टळली की जिवाला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्यानेच पुढच्या वेळची भीती वाढायची. म्हणून तू मॅडमना भेटून पाळी बदलून मागायचं म्हणत होतीस ना, ते करू नकोस. बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर, पण ती पाळी घे.

त्या क्षणी अंगात काय होतं ते एकदा नीट समजून घे. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका आहे असं मेंदूला वाटलं की त्यातून ॲड्रेनलीन सुटतं. छाती धडधडते. कातडीकडचा रक्तपुरवठा कमी होतो म्हणून बोटं गार पडतात. लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. श्वास पोटातून वर छातीत येतो, गळ्याचे स्नायू ताठ होतात आणि आवाज बारीक, कापरा निघतो. समोर वाघ आहे की वर्गातली चाळीस मुलं, हे शरीराला वेगळं कळत नाही. पण ही धडधड सर्वांत जास्त असते ती पाळीची वाट बघताना आणि बोलायला लागल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत. बोलत राहिलं की बहुतेकांची ती आपोआप उतरते. म्हणजे अवघड आहे ते एवढंसं कुंपण, पुढचं रान मोकळं आहे. दहाही मिनिटांची सारखी तयारी करण्यापेक्षा पहिल्या मिनिटाची वेगळी तयारी करायची.

आजोबांच्या मागे तू कीर्तनाला बसायचीस, आठवतं? महाराज आले की आधी 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर. टाळ-मृदंग जुळतात, महाराजांचा गळा तापतो, मग अभंग घेतात आणि त्यानंतर निरूपण. निरूपण ते तिथल्या तिथे फुलवतात, पण सुरुवात इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला विचार लागत नाही. तुझंही तसंच असू दे. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य, एवढंच शब्दशः पाठ कर.

तुझा विषय तुरीवरचा मर रोग. "सन्माननीय परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" अशी सुरुवात करू नकोस, त्यात जीव नाही. हे बघ कसं वाटतं: "मागच्या खरिपात आमच्या शेजारच्या रानात फुलावर आलेली तूर एका बाजूने वाळायला लागली. पाणी कमी पडलं असेल असं वाटलं, पण खोड उभं चिरून पाहिलं तर आत काळपट रेघ होती." हे तू स्वतः बघितलं आहेस. बाबांनी विळ्याने खोड चिरलं तेव्हा तू शेजारी उभी होतीस. डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाही.

मधल्या भागाचे पाच मुद्दे कर: रोग कसा ओळखायचा, बुरशी जमिनीत कशी टिकते, पेरणीआधी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, ज्वारीसारख्या पिकाची फेरपालट, आणि बीएसएमआर ७३६ सारखे रोगाला दाद न देणारे वाण. प्रत्येकाची एकेक चिठ्ठी कर, वर फक्त दोन-तीन शब्द लिही. चिठ्ठ्या पिस, एक उचल आणि त्या मुद्द्यावर उभी राहून मोठ्याने एक मिनिट बोल. मग दुसरी उचल. दर वेळी वाक्यं वेगळी आली तरी चालतील, यायलाच हवीत. कुठलाही मुद्दा कुठूनही सुरू करता आला की साखळी तुटायची भीती उरत नाही. एक विसरलीस तरी दुसरा हाताशी असतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मनातल्या मनात म्हणण्याला सराव समजू नकोस. तिथे जीभ कोरडी पडत नाही.

आता शरीराची तयारी. तुमच्या होस्टेलचा जिना तीन मजल्यांचा आहे. तो भरभर चढ आणि वर पोचताच, धाप लागलेली असताना, ती पहिली दोन वाक्यं म्हण. दिवसातून दोनदा. धडधडत्या छातीनेही शब्द बाहेर येतात हे अंगाला आधीच ठाऊक झालं, की त्या दिवशीची धडधड ओळखीची वाटते. (दम्याचा पंप जवळ ठेव. छातीत घरघर वाटली तर जिना नको, जागच्या जागी थोडी चाल.)

"लांब श्वास घे" असं सगळे सांगतात. मीही तुला तेच सांगत आले, पण ते अर्धवट होतं. घाबरलेलं माणूस मोठमोठे श्वास आत ओढायला लागलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. मनात चार आकडे मोजत नाकाने घे, सहा ते आठ मोजत सावकाश सोड. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. अशी पाच-सहा आवर्तनं, साधारण एक मिनिट, पाळीची वाट बघत बाकावर बसूनच कर, कुणाला कळणार नाही. गरगरायला लागलं तर समज की जोरात ओढते आहेस. मग मोजणं सोड आणि नेहमीसारखा श्वास घे. हे आजपासून रोज झोपताना कर. त्या दिवशी पहिल्यांदा केलंस तर जमणार नाही.

त्या सकाळी उपाशी जाऊ नकोस आणि चहा एकच कप घे. दोन-तीन कप चहाने होणारी धडधड आणि भीतीची धडधड यातला फरक तुला तेव्हा कळणार नाही. निघण्यापूर्वी ओठ मिटून दोन मिनिटं गुणगुण, गळा सैल होतो. सारखं खाकरू नकोस, त्याने घसा आणखी खरवडतो. त्यापेक्षा पाण्याचा घोट घे. हातात मोठा कागद धरू नकोस. चिठ्ठ्या जाड पुठ्ठ्याच्या, तळहाताएवढ्या कर आणि टेबलावर ठेव.

राहिलं मन. तुला वाटतं की आपली थरथर सगळ्यांना दिसते. थॉमस गिलोविच आणि केनेथ सावित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं होतं. बोलणाऱ्याला आपण जेवढे घाबरलेले दिसतो असं वाटतं, तेवढा ऐकणाऱ्यांना तो दिसत नाही. २००३ साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात, ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. मोबाइल खिडकीत उभा कर, तीन मिनिटं बोल, लगेच न बघता दुसऱ्या दिवशी बघ. जो हात लटलट कापतोय असं तुला वाटत होतं, तो पडद्यावर शोधावा लागेल.

मध्येच पाटी कोरी झाली तर "सॉरी" म्हणू नकोस. थांब, पाण्याचा घोट घे, स्लाइडवरचं शीर्षक वाच आणि त्यावर तुझ्या शब्दांत एक वाक्य बोल. ते तीन सेकंद तुला तासासारखे वाटतील. ऐकणाऱ्यांना वाटेल, मुलगी विचार करून बोलते आहे.

मैत्रिणीने देऊ केलेली ती "धडधड थांबवणारी गोळी" अजिबात घेऊ नकोस. कलाकार, वक्ते अशा वेळी जी गोळी घेतात ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते. तिने हृदयाचे ठोके कमी होतात हे खरं, पण दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका तिने आवळू शकतात. तुझा पंप अजून सुटलेला नाही. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी तुझ्यासाठी धोक्याची आहे, हे तिलाही सांग.

आणि एक. ही भीती बोलण्यापुरती असेल तर एवढ्याने भागेल. पण वर्गात जायचंच टाळावंसं वाटायला लागलं, हजेरीला "येस मॅडम" म्हणतानाही घाम फुटला, आठवडेच्या आठवडे झोप उडाली, तर मला लपवू नकोस. आपण समुपदेशकाकडे जाऊ. रात्री-अपरात्री मला फोन करावासा वाटला नाही तर सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. नंबर मोबाइलमध्ये साठवून ठेव.

तोवर रोज कुठल्याही एका तासाला एक प्रश्न विचार, एका वाक्याचा चालेल. तास सुरू झाल्यावर लवकर विचार. जितकी वाट बघशील तितकं जड होतं.

रविवारी सकाळी फोन करते. पाचही चिठ्ठ्यांवर मागे नंबर टाकून ठेव. मी नंबर सांगेन, तू बोलायचं. बाबाही ऐकायला बसणार आहेत, आणि बीजप्रक्रियेवर ते प्रश्न विचारतील असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलं आहे.

तुझी,
आई