शेजाऱ्याच्या हाती चेकबुक: अधिकारपत्रात नेमके काय हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचे चेकबुक आणि पासबुक आणायला शेजारी बँकेत जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो, हे बऱ्याच शाखांत घडते. दोष बहुतेक वेळा सोबतच्या पत्रात असतो. 'पत्र घेऊन येणाऱ्यास माझे चेकबुक द्यावे' एवढ्या ओळीवर कोणताही जबाबदार अधिकारी कोरे चेक अनोळखी माणसाच्या हाती देणार नाही, आणि देऊही नयेत. वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याला तीन गोष्टींची खात्री हवी असते. पत्रावरची सही खातेदाराचीच आहे ना? समोर उभा असलेला माणूस पत्रात लिहिलेलाच आहे ना? आणि त्याला नेमके काय द्यायचे आहे? पत्राने या तिन्हींची उत्तरे दिली की काम अडत नाही.

समजा, 78 वर्षांच्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले. त्या रुग्णालयात असताना टपालाने आलेले चेकबुक दार बंद असल्याने शाखेत परत गेले. जुने पासबुकही भरले आहे आणि मुलगा परगावी आहे. अशा वेळी पत्र असे असावे:

'मा. शाखाधिकारी यांस,
माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे, क्रमांक ____. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला चालता येत नाही. टपालातून परत आलेले माझे 25 पानांचे चेकबुक आणि भरलेल्या पासबुकाऐवजी नवीन पासबुक ताब्यात घेण्याचा अधिकार मी माझे शेजारी श्री. ____, राहणार ____, यांना देत आहे. त्यांच्या आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ____ आहेत. हे पत्र या दोन वस्तू एकदाच घेण्यापुरते असून दिनांक ____ नंतर ग्राह्य धरू नये. पैसे काढण्याचा किंवा खात्याच्या नोंदी बदलण्याचा अधिकार यातून दिलेला नाही. श्री. ____ यांची सही खाली आहे व ती मी प्रमाणित करते.'

याखाली आधी शेजाऱ्याची सही, तिच्याशेजारी 'वरील सही प्रमाणित' असे लिहून आजींची सही, आणि शेवटी पत्राची म्हणून आजींची आणखी एक सही. ही प्रमाणित करणारी सहीच लोक विसरतात. शेजारी काउंटरवर अधिकाऱ्यासमोर पुन्हा सही करतो तेव्हा ती पत्रातल्या सहीशी ताडून पाहता येते. नाहीतर ताडायला अधिकाऱ्यापाशी काहीच नसते. शेजाऱ्याने मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. झेरॉक्स द्यायची असेल तर तिच्यावर तारीख आणि 'फक्त चेकबुक व पासबुक घेण्यासाठी' असे आडवे लिहावे. शाखेची वेगळी मागणी नसेल तर साधा कागद पुरतो. हे कुलमुखत्यारपत्र नव्हे. मोबाइल क्रमांक बदलणे किंवा एटीएम कार्ड घेणे या गोष्टी याच पत्रात घुसडू नयेत. त्यांनी अधिकाऱ्याचा संशय वाढतो आणि साधे कामही अडते.

काही शाखा 'पुढील कोणत्याही नुकसानीस बँक जबाबदार नाही' असे वाक्य लिहून मागतात. माझ्या मते 'श्री. ____ यांना दिलेल्या वस्तू मला मिळाल्या असे समजावे' एवढेच लिहिणे रास्त आहे.

खरी अडचण सहीची. बँक पाहते ती खाते उघडताना दिलेली नमुना सही. ती मराठीत असेल तर पत्रावरही मराठीतच हवी. आडवे झोपून, गुडघ्यावर कागद ठेवून केलेली सही ओळखू येत नाही. खातेदाराला उशीला टेकवून बसवावे, कागदाखाली कडक पॅड द्यावे आणि आधी दुसऱ्या कागदावर दोनतीनदा सही करून पाहावी. तरीही हात थरथरत असेल तर इथे थांबून विचार करायला हवा. पत्रावर न जुळणारी सही चेकवर तरी कशी जुळेल? चेकबुक घरी येईल, पण लिहिलेला चेक 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत येईल आणि दंडही पडेल. म्हणून आधी शाखेला लेखी विनंती करून अधिकाऱ्याला घरी बोलवावे आणि त्यांच्यासमोर नवी नमुना सही नोंदवावी.

सही अजिबातच होत नसेल, तर चेकबुकाचा आग्रह सोडून पैसे काढण्याची सोय विचारावी. आजारी खातेदाराचा अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने सांगितली आहे. त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खातेदार शुद्धीवर नसेल किंवा त्याला व्यवहार समजत नसेल, तर मात्र अधिकारपत्र करूच नये. जो स्वतः समजून अधिकार देऊ शकत नाही, त्याच्या नावाने घेतलेल्या ठशाला अर्थ नाही.

'खातेदारालाच घेऊन या' असे उत्तर मिळाले तर नम्रपणे आठवण करून द्यावी, की चेकबुकासाठी कोणत्याही ग्राहकाला प्रत्यक्ष हजर राहण्याचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकात व्यापारी बँकांना सांगितले. सत्तरीपुढच्या आणि आजाराने असमर्थ ग्राहकांना रोख रक्कम घरी पोचवणे, केवायसीची कागदपत्रे घरी येऊन घेणे या सोयीही त्यातच आहेत. सहकारी बँकेत खाते असेल तर तिथली पद्धत आधी विचारून घ्यावी.

निघण्यापूर्वी खातेदाराने स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून शाखेत फोन करावा. चेकबुक खरेच परत आले आहे का, खाते निष्क्रिय तर झालेले नाही ना, केवायसी बाकी आहे का, हे विचारावे. परत आलेली चेकबुके शाखा कायम सांभाळत नाही, त्यामुळे उशीर करू नये. नवीन चेकबुकाची मागणीच करायची असेल तर जुन्या चेकबुकातली मागणीची चिठ्ठी भरून पाठवावी. भरलेले पासबुकही सोबत द्यावे. ते हरवले असेल तर दुय्यम पासबुकाचा अर्ज वेगळा करावा लागतो.

रजिस्टरमध्ये सही करण्यापूर्वी शेजाऱ्याने नाव आणि खाते क्रमांक पाहावा, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चेकचे क्रमांक सलग आहेत का ते मोजावे. एक पान कमी आहे असे घरी येऊन सांगितले तर शेजाऱ्यावरच नाहक किटाळ येते. पासबुकात जुन्या पुस्तकातली शेवटची शिल्लक पुढे ओढलेली असावी, पहिल्या पानावर शिक्का आणि सही असावी, आणि नामनिर्देशन केलेले असेल तर तशी नोंदही असावी.

पत्राची एक प्रत शाखेच्या पोचशिक्क्यासह घरी ठेवावी. चेकबुक हाती आल्यावर खातेदाराने त्या प्रतीवर पहिल्या व शेवटच्या चेकचा क्रमांक आणि तारीख लिहून शेजाऱ्याला 'मिळाले' अशी सही द्यावी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा