द्विस्तर घडवते ते पाणी

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला पेशीपटलावरचा लेख वाचला. या पटलाचा गाभा म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचा दुहेरी थर, अर्थात द्विस्तर. ‘फॉस्फोलिपिडच्या शेपट्या पाण्याला दूर ढकलतात, म्हणून द्विस्तर तयार होतो’ असे त्यात म्हटले आहे. हे कारण चुकीचे आहे. शिवाय मेण आणि फॉस्फोलिपिड यांना एकाच ओळीत बसवल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ वाढेल.

मधमाशीच्या मेणातला एक प्रमुख रेणू म्हणजे १६ कार्बनचे पामिटिक आम्ल आणि ३० कार्बनचे अल्कोहोल यांचा एस्टर. एवढ्या लांबलचक साखळीत पाण्याशी बंध जोडू शकतील असे ऑक्सिजनचे अणू दोनच, त्यामुळे मेण पाण्यात नुसता गोळा होऊन राहते. फॉस्फोलिपिडमध्ये ग्लिसरॉलच्या दोन कार्बनवर मेदाम्लांच्या शेपट्या असतात आणि तिसऱ्यावर फॉस्फेट. लेसिथिनमध्ये त्या फॉस्फेटला कोलीन जोडलेले असते. फॉस्फेटवर ऋण भार, कोलीनवर धन भार, म्हणून हे डोके पाण्यातच राहू पाहते.

आता शेपट्या. त्यांच्यात आणि पाण्यात तिरस्करण नसते, उलट क्षीण आकर्षणच असते. अडचण पाण्याची होते. शेपटीशी हायड्रोजन बंध जुळत नाही, म्हणून तिच्याभोवतीचे पाण्याचे रेणू आपापसातले बंध टिकवण्यासाठी ठरावीक दिशांनाच तोंड करून राहतात. त्यांची मोकळीक जाते, म्हणजेच एन्ट्रॉपी घटते. शेपट्या एकमेकींना बिलगल्या की हे रेणू सुटतात आणि एन्ट्रॉपी वाढते. याला पुरावा आहे. सुमारे २५ अंश सेल्सिअसला लहान हायड्रोकार्बन पाण्यात विरघळताना उष्णता जवळजवळ लागतच नाही, तरीही ते फारच थोडे विरघळतात. अडथळा ऊर्जेचा नसून एन्ट्रॉपीचा आहे.

पण यातून शेपट्या एकत्र का येतात एवढेच कळते. गोळा न होता दुहेरी थर का होतो, हे रेणूच्या आकारावर ठरते. दोन शेपट्यांची मिळून जाडी साधारण डोक्याइतकी भरते, रेणू दंडगोलासारखा होतो आणि असे रेणू सपाट थरात नीट बसतात. एक शेपटी काढली तर रेणू शंकूसारखा होतो आणि त्याचे छोटे गोळे, म्हणजे मायसेल, बनतात. अनेक सापांच्या विषातले फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर नेमकी ग्लिसरॉलच्या दुसऱ्या कार्बनवरची शेपटी तोडते. उरलेले लायसोलेसिथिन साचले की लाल रक्तपेशींचे पटल फुटते.

सपाट थराच्या कडांना शेपट्या उघड्याच राहतात, म्हणून थर वळून बंद पिशवी होते. हे आपोआप होते खरे, पण शेपट्या हलत्या हव्यात. दोन्ही शेपट्या पामिटिक आम्लाच्या असलेले लेसिथिन सुमारे ४१ अंशांखाली गोठल्यासारखे असते. त्याचा कोरडा थर पाण्यात नुसता ढवळून पिशव्या नीट होत नाहीत, पाणी त्याहून गरम ठेवावे लागते.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक शिक्षिका