सायलीस, व्हीपीएफच्या फॉर्मबद्दल

गुहागर

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

लोट्याच्या कंपनीने मार्चअखेरपर्यंत व्हीपीएफचा, म्हणजे पीएफमध्ये स्वतःहून जास्तीचे पैसे भरण्याचा, फॉर्म मागितलाय आणि त्यात 10 टक्के लिहू का, असं तू विचारलंस. आधी हातात काय उरेल ते बघ.

तुझा एकूण पगार 80,000 आणि बेसिक 40,000. पीएफचे 12 टक्के म्हणजे 4,800 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की आज 75,000 हाती येतात. व्हीपीएफसुद्धा बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही. म्हणून 10 टक्के म्हणजे 4,000, आणि हातात 71,000. कंपनी तिचा वाटा वाढवणार नाही. ते 4,000 फक्त तुझेच.

“कर वाचतो” असं तुला सांगितलं गेलं, ते जुन्या करपद्धतीपुरतं खरं. तिथे 80सी कलमाखाली तुझे वर्षाचे 48,000 वजा होतील आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यात, सेससह, 9,984 रुपये वाचतील. पण तू नव्या पद्धतीत आहेस. 2025-26 साठी तुझ्या 9.6 लाखांवर तिथे कर शून्य आहे. हे दहा हजार वाचवायला जुन्या पद्धतीत गेलीस, तर घरभाड्याची सवलत न धरता सत्तर हजारांवर कर बसेल. तेव्हा पद्धत बदलू नकोस. व्हीपीएफ घ्यायचा तो व्याजासाठी. पीएफचाच दर त्याला मिळतो, 2024-25 साठी तो 8.25 टक्के होता. दर दरवर्षी ठरतो, कायमचा नाही.

पीएफ आणि व्हीपीएफ मिळून तुझा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला, तर वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. तुझे होतात 1,05,600, म्हणजे ती चिंता नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. हा पैसा बँकेतल्यासारखा हवा तेव्हा निघत नाही, आणि सलग पाच वर्षांची नोकरी होण्याआधी काढला तर कर लागू शकतो. चिपळुणात राहतेस, जुलै 2021 च्या पुरात लोकांना रोख रक्कम लगेच लागली होती, महिन्याभराने नव्हे. म्हणून आधी सहा महिन्यांचा खर्च, तुझ्या महिन्याच्या 40,000 खर्चाच्या हिशेबाने 2,40,000, बचत खात्यात आणि मुदत ठेवीत हवा. स्कूटरचं कर्ज 12 टक्क्यांनी चालू आहे ना? ते आधी फेड, 8.25 साठी 12 भरण्यात तोटाच आहे.

एवढं झालं असेल तर 10 टक्के लिही. नसेल तर यंदा 3 टक्के, म्हणजे 1,200. टक्क्यात लिहिलंस की बेसिक वाढल्यावर कपातही आपोआप वाढते, हे ध्यानात ठेव. कंपनी ठरावीक रक्कम लिहू देते का ते विचारून घे. वर्षाच्या मध्ये बंद करता येतं का तेही आत्ताच विचार. बऱ्याच कंपन्या एप्रिलपर्यंत थांबायला लावतात, आणि गणपतीच्या खर्चाच्या महिन्यात ते अडचणीचं होतं.

एप्रिलची रक्कम कंपनीने 15 मे पर्यंत भरायची असते. त्यानंतर पीएफच्या पासबुकात कर्मचाऱ्याच्या वाट्याखाली 8,800 दिसायला हवेत. स्लिपमध्ये कपात आहे आणि पासबुकात 4,800 च दिसतात, असं झालं तर दोन्ही प्रती घेऊन त्याच आठवड्यात पगार विभागात जा. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वर्ग करून घे, म्हणजे पाच वर्षं जोडून मोजली जातील.

फॉर्म भरण्याआधी स्कूटरच्या कर्जाची बाकी मला कळव.

तुझे बाबा