सतरा नग नापास का झाले आणि उरलेले बारा केव्हा येतील

हिंगणा एमआयडीसी, नागपूर
दि. १२ जुलै

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या ऑर्डरचे ५० बेअरिंग हाऊसिंग १० जुलैला बुटीबोरीला पोहोचायला हवे होते. ते पोहोचले नाहीत, याबद्दल आधी मनापासून माफी मागतो. फोनवर मी तुला फक्त "एक लॉट खराब झाला" एवढेच सांगितले होते. तेवढ्यावर तुझे समाधान होणार नाही आणि होऊही नये, कारण हे हाऊसिंग तू कोळशाच्या कन्व्हेयरवर बसवणार आहेस आणि ते तुटले तर जाब तुला विचारला जाईल. म्हणून काय घडले, ते कसे लक्षात आले आणि आता काय बदलले आहे, हे सविस्तर लिहितो.

२ जुलैला आम्ही तुझे ५६ साचे ओतले. ५० तुझ्यासाठी आणि सहा जादा. एका नगाचे वजन २४ किलो असले तरी रनर आणि रायझर धरून प्रत्येक साच्यात सुमारे ३४ किलो रस जातो, त्यामुळे आमच्या ५०० किलोच्या लॅडलमधून १४ साचे भरतात आणि चार लॅडलमध्ये काम पूर्ण होते. तिसऱ्या लॅडलचे चार साचे भरून झाले आणि क्रेन जागीच थांबली. होइस्टचा कॉन्टॅक्टर चिकटला होता. इलेक्ट्रिशियनने तो सोडवून क्रेन पुन्हा चालू करेपर्यंत सहा मिनिटे गेली, आणि त्यानंतर राहिलेले दहा साचे त्याच रसाने भरले गेले.

इथेच चूक झाली. तुझ्या ड्रॉइंगवर एसजी आयर्न ५००/७ आहे. हे लोखंड साध्या बिडापेक्षा वेगळे ठरते ते त्यातल्या ग्राफाइटच्या आकारामुळे. बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखे पसरलेले असते आणि प्रत्येक पापुद्र्याची कड ही आधीच पडलेल्या चिरेसारखी वागते. एसजीमध्ये तेच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते, म्हणून धक्का बसला तर लोखंड फुटण्याआधी थोडे ताणले जाते. ५००/७ मधला सात हा आकडा त्या ताणाचाच आहे, किमान सात टक्के. बीड एक टक्कासुद्धा धड ताणले जात नाही. ग्राफाइटचे गोळे होतात ते रसात राहिलेल्या अगदी थोड्या मॅग्नेशियममुळे, साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्के. आता मॅग्नेशियम १०९० अंशांनाच उकळते आणि लॅडलमधला रस तर १४०० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे रसात मॅग्नेशियम मिसळण्याची प्रक्रिया झाल्या क्षणापासून ते वाफ होऊन, हवेशी आणि गंधकाशी संयोग होऊन रसातून निघून जात राहते. फौंड्रीत आम्ही त्याला फेड होणे म्हणतो. आठ-दहा मिनिटांच्या आत ओतून झाले तर चिंता नसते. तिसऱ्या लॅडलचा शेवटचा साचा सतराव्या मिनिटाला भरला गेला.

बाहेरून यातले काहीच दिसत नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. साचे पूर्ण भरले, कडा स्वच्छ आल्या, कुठे भोक नाही की भेग नाही. माप घेतले तर माप बरोबर. शिवाय लॅबचा रिपोर्टही चांगला आला, आणि सर्वांत जास्त फसवले ते त्यानेच. आमच्याकडे टेस्ट कूपन लॅडलच्या पहिल्या रसातून ओतायची पद्धत होती. पहिल्या रसात मॅग्नेशियम भरपूर असते, त्यामुळे तिसऱ्या लॅडलचे कूपनही इतरांइतकेच उत्तम निघाले. शेवटच्या साच्यात काय गेले, हे सांगणारी एकही गोष्ट आमच्या कागदांत नव्हती.

दोष सापडला तो ४ जुलैला फेटलिंगमध्ये, आणि तोही एका जुन्या कारागिराच्या कानाला. रायझर तोडण्यासाठी तो हातोडा मारत होता. चांगल्या एसजीवर घाव पडला की घंटेसारखा लांबत जाणारा नाद येतो. एका नगाने "ठक्" असा बसका आवाज दिला आणि रायझर पहिल्याच घावाला निघून आला. त्याने तुटलेली बाजू माझ्यासमोर धरली. एसजीचा तुटलेला भाग चंदेरी, चकचकीत दिसतो, हा मात्र पेन्सिलीच्या शिशासारखा काळपट करडा होता. मी त्याच वेळी सगळे काम थांबवले आणि ५६ही नग बाजूला काढायला लावले.

दुर्दैवाने कोणता नग कोणत्या लॅडलचा, हे नगावर कुठेच लिहिलेले नव्हते आणि शॉट ब्लास्टिंगनंतर सगळे एकत्र झाले होते. म्हणून प्रत्येक नग अल्ट्रासॉनिक यंत्रावर घेतला. पायाच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने साफ करायच्या, जाडी मायक्रोमीटरने मोजायची आणि आवाजाच्या लहरीला आरपार जायला लागणाऱ्या वेळावरून तिचा वेग काढायचा. ग्राफाइट गोल असेल तर वेग सेकंदाला ५६०० मीटरच्या आसपास किंवा वर येतो. आकार बिघडला की तो घसरतो. दहा नग ५०५० ते ५३५० मध्ये आले, म्हणजे ते क्रेन थांबल्यानंतरचेच. हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते हे की आणखी सात नग ५४८० ते ५५६० च्या दरम्यान निघाले.

या सातांनी मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. त्यांतला एक कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल ग्राफाइटचे प्रमाण, ८० टक्क्यांच्या जवळपास होते. तुझ्या ड्रॉइंगवर किमान ८५ लिहिले आहे. क्रेन तर एकाच लॅडलला थांबली होती, मग हे सात कुठून आले? स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या एका कामाचे ओतकाम मोजले तेव्हा उत्तर मिळाले. स्लॅग काढून, इनॉक्युलंट टाकून पहिल्या साच्यापर्यंत जायला अडीच मिनिटे लागतात, आणि पुढे प्रत्येक साच्याला सरासरी ३५ सेकंद. चौदा साचे म्हणजे एकूण जवळजवळ पावणेअकरा मिनिटे. याचा अर्थ क्रेन सुरळीत चालली तरी आमचे शेवटचे दोन-तीन साचे नेहमीच काठावर असणार. क्रेन बंद पडली नसती तर हे मला कदाचित कळलेही नसते, म्हणून सगळा दोष क्रेनवर टाकून हे पत्र संपवणे मला योग्य वाटत नाही.

तू विचारलेस की हे सतरा नग उष्णतेची प्रक्रिया देऊन वाचवता येतील का. येणार नाहीत. लोखंड गोठताना ग्राफाइटने जो आकार घेतला तो घेतला. अॅनीलिंगने भोवतालचे लोखंड मऊ करता येते, पण पापुद्र्याचा गोळा करता येत नाही. म्हणून ते फोडून पुन्हा भट्टीत गेले आहेत. उरलेल्या ३९ नगांतला सर्वांत कमी वेगाचा नग मी मुद्दाम कापला आणि त्याची नोड्युलॅरिटी ८५ च्या वर आल्यावरच बाकीच्यांवर विश्वास ठेवला. हे ३८ नग उद्या निघतील. प्रत्येकावर पेंटने क्रमांक आणि सोबत त्या क्रमांकाचे रीडिंग असेल. तुझ्याकडे यंत्र असेल तर कोणतेही पाच उचलून पडताळून पाहा, मला बरेच वाटेल.

आता राहिले बारा. हे लगेच ओतून देता आले असते, पण त्याच पद्धतीने ओतले असते तर पुन्हा काठावरचे दोन तुझ्याकडे आले असते. यापुढे एका लॅडलमधून फक्त नऊ साचे भरले जातील, म्हणजे सगळे आठ मिनिटांच्या आत संपेल. त्यासाठी ५०० किलोच्या लॅडलमध्ये ३०० किलो रस घेऊन भागत नाही, कारण रसाची उंची कमी पडली की मॅग्नेशियमची प्रतिक्रिया वरच्या वर होते आणि बरेचसे मॅग्नेशियम ज्वाळेतच जाते. त्यामुळे अरुंद आणि उंच असे लहान लॅडल तयार करून घेतले. त्याचे अस्तर कालच भरून झाले आहे. या पावसात ते बर्नरने पूर्ण दोन दिवस सुकवल्याशिवाय मी त्यात रस घेणार नाही, कारण ओल राहिली तर नगात बारीक छिद्रे येतात आणि माणसांच्या जिवालाही धोका असतो. चाचणीचे ओतकाम १६ तारखेला, तुझे नग १९ ला आणि रवानगी २२ ला. एखाद्या दिवसाची ओढाताण धरून २४ जुलैला बारा नग तुझ्या दारात असतील.

कूपन आता लॅडलच्या शेवटच्या रसातून ओतले जाते, आणि पॅटर्नवर लॅडलचे अक्षर व साच्याचा आकडा बसवल्यामुळे प्रत्येक नगावर ते उमटून येईल. कॉन्टॅक्टरचा जादा संच स्टोअरमध्ये ठेवला आहे. पण या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो एक बदल. त्या दिवशी लॅडलजवळ उभ्या असलेल्या माणसाला वेळ टळल्याचे कळत होते. त्याने मला नंतर सांगितले, "साहेब, साडेतीनशे किलो माल टाकून द्यायचा अधिकार मला कुठे होता?" तो खरे बोलत होता. तो अधिकार मी त्याला कधी दिलाच नव्हता. आता भट्टीजवळ मोठे घड्याळ आहे, प्रक्रिया संपल्याची वेळ फळ्यावर लिहिली जाते आणि आठ मिनिटे उलटली की उरलेला रस कोणाला न विचारता पिगच्या साच्यात ओतायचा, हे मी सहीनिशी लिहून दिले आहे.

या उशिरामुळे तुझ्या मशीनशॉपला जो ओव्हरटाइम करावा लागेल त्याचे, आणि दुसऱ्या खेपेच्या गाडीचे बिल माझ्या नावावर टाक. तुझ्या ग्राहकाने दंड लावला तर तोही मला सांग, संकोच करू नकोस. त्यांना दाखवण्यासाठी रिपोर्ट आणि कापलेल्या नगांचे फोटो उद्याच्या चलनासोबत पाठवत आहे. १६ तारखेच्या चाचणीला तू स्वतः आलास तर शेवटच्या रसाचे कूपन आपण दोघे मिळून पाहू. सकाळी दहाला भट्टी चढते.

तुझा,
हिंगण्याचा मित्र